शून्य बोलायचं की गिळायचं?

नाशिकरोडच्या नोट प्रेसमध्ये १९२८ पासून नोटा छापल्या जातात. तिथली पाचशेची एखादी नोट हातात घेतली, तर तिच्यावर दोन अगदी वेगळ्या स्वभावाच्या संख्या दिसतात. एक तिची किंमत. मागच्या बाजूला पंधरा भाषांची जी पट्टी आहे, तिच्यात ती मराठीतही लिहिलेली असते: पाचशे रुपये. दुसरी संख्या तिचा क्रमांक. सुरुवातीला एक अंक आणि दोन अक्षरं, मग सहा अंक. हे सहा अंक समजा ००४४७० असले, तर मोठ्याने वाचणारा क्षणभर अडखळतो. 'चार हजार चारशे सत्तर' म्हटलं, तर गणिताच्या दृष्टीने चूक नाही, पण नोटेचा क्रमांक मात्र हरवला, कारण पुढची दोन शून्यं तोंडातून बाहेरच पडली नाहीत. म्हणून तो म्हणतो, 'शून्य शून्य चार चार सात शून्य.'

मराठी माणूस लांबलचक संख्या मोठ्याने कशी म्हणतो, या विषयाचं दार इथे उघडतं. कितीपणा सांगणारी संख्या आणि ओळख सांगणारी संख्या या दोन्ही त्याच दहा अंकांनी लिहिल्या जातात, पण तोंडाने म्हणण्याचे त्यांचे नियम वेगळे आहेत. किंमत, वजन, लोकसंख्या म्हणताना शून्य गिळायचं असतं. पिनकोड, फोन, खातेक्रमांक सांगताना प्रत्येक शून्य उच्चारावं लागतं. हा नियम कुठल्या पुस्तकात शिकवलेला नसतो, तरी तो बहुतेकांना येतो. जिथे येत नाही, तिथे कुरिअर भलत्या गावी जातं किंवा फोन अनोळखी माणसाकडे वाजतो.

नाशिक शहराच्या पिनकोडवर हा फरक चांगला दिसतो. ४२२००१ ही संख्या रक्कम म्हणून वाचली, तर 'चार लाख बावीस हजार एक.' मधल्या दोन शून्यांचा उच्चार नाही, पण ती हरवलेलीही नाहीत. 'लाख' आणि 'हजार' या शब्दांनी प्रत्येक अंकाची जागा धरून ठेवली आहे, त्यामुळे हजारानंतर नुसतं 'एक' आलं की शतक आणि दशक रिकामे आहेत हे ऐकणाऱ्याला आपोआप कळतं. पिनकोड म्हणून वाचताना मात्र 'लाख', 'हजार' गळून पडतात आणि जागा धरणारं कुणी उरत नाही. मग शून्यांनाच बोलावं लागतं: 'चारशे बावीस, शून्य शून्य एक.'

तीन-तीन अंकांचा हा तुकडा उगाच पडलेला नाही. पिनकोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. ती बसवली टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. तिच्यातले पहिले तीन अंक मिळून टपालाच्या छाननीचा जिल्हा ठरतो आणि शेवटचे तीन प्रत्यक्ष टपाल कार्यालय दाखवतात. 'चारशे बावीस' म्हणजे नाशिक, 'शून्य शून्य एक' म्हणजे शहरातलं मुख्य कार्यालय. नाशिकरोडचा माणूस तोच पहिला तुकडा तसाच ठेवून पुढे 'एकशे एक' म्हणतो. जिथे क्रमांकाची आतली रचना आणि बोलण्याचा तुकडा जुळतात, तिथे चूक कमी होते, कारण अर्धा क्रमांक ऐकणाऱ्याला आधीच ठाऊक असतो. दूरध्वनीच्या ०२५३ मध्येही 'शून्य दोनशे त्रेपन्न' किंवा 'झिरो दोनशे त्रेपन्न' असं ऐकू येतं ते याच सवयीने: शून्य वेगळं काढून ठेवायचं आणि उरलेल्या तीन अंकांना नेहमीचं नाव द्यायचं.

तीन अंकांना नाव देणं सोपं, कारण 'शे' हा शब्द शतकाची खूण करतो. खरी गंमत आणि खरी अडचण दोन अंकांच्या जोडीत आहे.

मराठीत एक ते शंभर हे शब्द जवळपास सगळे वेगवेगळे पाठ करावे लागतात. त्यांची घडण अशी, की एकक आधी आणि दशक नंतर. 'त्रेसष्ट' या शब्दात तीनाचा 'त्रे' पुढे आहे आणि साठाचा 'सष्ट' मागे. लिहिताना मात्र ६ आधी आणि ३ नंतर. म्हणजे कान ज्या क्रमाने ऐकतो, त्याच्या उलट क्रमाने पेन चालतं. सांगणारा संथ असेल, तर लिहिणाऱ्याला 'त्रे' ऐकूनही हात थांबवावा लागतो. पूर्ण शब्द येईपर्यंत पहिला अंक कागदावर टाकता येत नाही. घाईत ज्याने 'त्रे' ऐकताच ३ लिहून टाकला, त्याचे ६३ चे ३६ झाले. ज्या दोन आकड्यांवरून मराठीत वैराची आणि सख्याची उपमा दिली जाते, तेच दोन आकडे इथे एकमेकांच्या जागी बसतात.

जुन्या अंकलिपीला ही अडचण माहीत होती. 'एकावर एक अकरा, एकावर दोन बारा' हे घोकणं म्हणजे नुसती चाल नाही. 'दोनावर सात सत्तावीस' म्हणताना मूल आधी लिहिण्याचा क्रम उच्चारतं आणि मग बोलण्याचं नाव. पेन आणि जीभ यांच्यातला हा पूल पाठांतराने पक्का केला जात असे, आणि आजही पन्नाशीपुढची कितीतरी माणसं फोनवर नंबर लिहून घेताना ओठातल्या ओठात असंच काहीतरी पुटपुटतात.

'एकोण'ची पायरी त्याहून अवघड. एक उणा म्हणून एकोण. 'एकोणसाठ' या शब्दात साठ ऐकू येतात, पण लिहायचा पहिला अंक असतो ५. 'एकोणऐंशी'त ऐंशी, पण अंक ७. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत हीच तऱ्हा. शंभराच्या अलीकडे मात्र मराठी ही वाट सोडते आणि 'नव्याण्णव' म्हणते. त्यामुळे शेवटी नऊ असलेल्या जोड्यांमध्ये ऐकणाऱ्याला क्रम तर उलटायचाच, शिवाय दशक एकाने मागेही न्यायचं.

तिसरी अडचण ऐंशी आणि नव्वद यांच्या शेजाराची. त्र्याऐंशी-त्र्याण्णव, चौऱ्याऐंशी-चौऱ्याण्णव, अठ्ठ्याऐंशी-अठ्ठ्याण्णव. या जोड्यांची सुरुवात एकसारखी, फरक सगळा शेपटीत, आणि फोनवर शेपूटच आधी विरून जातं. मोबाइल नवे होते तेव्हा त्याने फारसं बिघडत नसे. तेव्हाचे क्रमांक ९ नेच सुरू होत. महाराष्ट्रात 'चौऱ्याण्णव बावीस' आणि 'अठ्ठ्याण्णव बावीस' ही तर ओळखीची सुरुवात होती. कुणी 'चौऱ्याऐंशी' ऐकलं तरी मनात दुरुस्ती होई, कारण ८४ ने सुरू होणारा मोबाइल नव्हताच. पुढे ८, ७ आणि ६ नेही क्रमांक सुरू होऊ लागले आणि ती आपोआप होणारी दुरुस्ती संपली. आता दोन्ही ऐकणं सारखंच शक्य, आणि दोन्हीकडे कुणीतरी फोन उचलू शकतं.

या नावांचा प्रश्न २०१९ च्या जूनमध्ये एकदम चव्हाट्यावर आला. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या नव्या पुस्तकात एकवीस, बावीस यांच्या जोडीने 'वीस एक', 'वीस दोन' असं वाचन दिलं होतं. गणित अभ्यास मंडळाच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांची मांडणी अशी होती, की लिहिण्याचा आणि बोलण्याचा क्रम एक झाला आणि जोडाक्षरांचा जाच कमी झाला, तर लहान मुलांना संख्या सोप्या जातील. कन्नड, तेलुगू, तमिळ या शेजारच्या भाषांत दशक आधीच म्हणतात. त्यावरून वर्तमानपत्रांत आणि विधिमंडळात बराच गदारोळ झाला. बहुतेक वाद भाषेच्या अभिमानाचा झाला आणि फोनवर संख्या सांगण्याच्या अंगाने त्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही.

पाहायला हवं होतं, कारण नॉर्वेत नेमक्या याच कारणाने हा बदल झाला होता. तिथेही जुनी रीत मराठीसारखीच होती, एकक आधी. टेलिफोन खात्याला तारेवरून क्रमांक देताघेताना तिचा त्रास होत होता. त्यांच्या आग्रहावरून तिथल्या संसदेने ठराव केला आणि १९५१ च्या जुलैपासून शाळा आणि सरकारी कारभार यांच्यासाठी दशक-आधी ही रीत लागू झाली. सत्तर वर्षं उलटून गेली, तरी जुनी रीत लोकांच्या बोलण्यातून पुरती गेलेली नाही.

नारळीकरांच्या म्हणण्यात तथ्य होतं: लिहून घेणाऱ्याचं पेन 'साठ तीन'ला थांबत नाही. पण लांब क्रमांकांच्या बाबतीत जुन्या नावांचा एक गुण या चर्चेत राहून गेला. 'त्रेसष्ट' हा बंद डबा आहे; तो कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो याबद्दल संशय नाही. 'पन्नास चार' असं ऐकलं, तर आजच्या मराठीत ते ५० आणि मग ४. नव्या रीतीत ते ५४. जोड्याजोड्यांनी दहा अंक सांगताना ही सीमा कुठे आहे हे कळणं फार महत्त्वाचं असतं. जुनी नावं क्रम उलटा करतात पण सीमा स्पष्ट ठेवतात, नवी नावं क्रम सरळ करतात पण सीमा पुसतात. यातलं काय पत्करायचं, हे संख्या किती लांब आहे यावर अवलंबून आहे.

जोडीची ही सवय बाजारातही आहे, आणि तिथे ती किमतीच्या रूपात येते. लासलगावच्या बाजार समितीत कांद्याचा भाव क्विंटलवर पुकारला जातो, आणि चार अंकी भावासाठी 'दोन हजार एकशे एकावन्न' असं लांबण कुणी लावत नाही. 'एकवीसशे एकावन्न' म्हटलं की झालं: दोन अंकांचं एक नाव, मग 'शे', मग पुन्हा दोन अंकांचं नाव. पण ही सोय शून्यापाशी मोडते. एकोणीसशेनंतर भाव चढला तर पुढचा पुकारा 'वीसशे' होत नाही, 'दोन हजार' होतो; आणि शंभरने आणखी वर गेला की परत 'एकवीसशे'. दोन हजारांच्या दोन्ही बाजूंना 'शे' आणि मधेच एक 'हजार'. सनांचंही तसंच. 'एकोणीसशे नव्याण्णव' म्हणणारी जीभ पुढच्याच वर्षी 'दोन हजार' म्हणायला लागली आणि अजून तिथेच आहे. ज्या भावात दुसरा अंक शून्य येतो, तिथे मराठी माणूस जोड्या सोडतो आणि स्थानांचे शब्द धरतो.

याच बाजारात 'साडेसतराशे' आणि 'पावणेदोन हजार' हे एकाच भावाचे दोन उच्चार कानावर पडतात. दोन्हींचा अर्थ १७५०. हिशेबपट्टीवर मात्र चारही अंक मांडावे लागतात. 'साडे' आणि 'पावणे' कानासाठी असतात.

शून्याला मराठीत नाव कोणतं, हाही प्रश्न सरळ नाही. 'शून्य' आहेच. जुन्या मराठीत त्याला 'पूज्य' म्हणत. एखाद्या विषयातलं ज्ञान पूज्य आहे असं अजून म्हणतात ते त्यावरूनच. फोनवर मात्र 'झिरो'चं राज्य आहे आणि त्याला कारण आहे. 'शून्य' या शब्दाचा शेवट जोडाक्षराचा, घाईत तो 'शुन' इतकाच उरतो आणि गोंगाटात बुडतो. 'झिरो'चे दोन्ही स्वर मोकळे आहेत. शिवाय बाकीच्या नऊ अंकांच्या मराठी नावांत 'झ' कुठेच नाही, त्यामुळे तो इतर कशासारखा ऐकू येत नाही. मराठी अंकांच्या रांगेत 'झिरो' बसला तो फॅशन म्हणून नव्हे. ऐकू येतो म्हणून.

शून्याच्या चुकीचा एक नमुना बँकेत रोज भेटतो. पैसे पाठवताना लागणारा आयएफएससी हा अकरा खुणांचा संकेत असतो: आधी बँकेची चार अक्षरं, मग पाचव्या जागी नेहमी शून्य, मग शाखेच्या सहा खुणा. पाचवी खूण अक्षरांना चिकटून येत असल्याने ती 'ओ' आहे असं वाटतं, फोनवर 'ओ' म्हणूनच सांगितली जाते आणि पलीकडचा अक्षर लिहितो. अर्ज परत येतो तेव्हा कागदावरचा संकेत डोळ्यांना अगदी बरोबर दिसत असतो. गाडीच्या नंबरांत हा घोळ टाळण्यासाठी मालिकेच्या अक्षरांमध्ये एक आणि शून्य यांच्यासारखी दिसणारी दोन रोमन अक्षरं वापरलीच जात नाहीत.

आता दुहेरी अंक. त्यासाठी एक दहा अंकी क्रमांक घेऊ: ५००४४७७७०३. भारतात मोबाइल ५ ने सुरू होत नाही, म्हणून हा कुणाचा मोबाइल असण्याचा धोका नाही.

जोड्यांनी सांगणारा म्हणेल, 'पन्नास, शून्य चार, सत्तेचाळीस, सत्त्याहत्तर, शून्य तीन.' या वाचनात क्रमांकातले जुळे आणि तिळे अंक फुटून गेले. दोन शून्यांपैकी एक पन्नासात गेलं, दुसरं चाराबरोबर. दोन चारांपैकी एक शून्यामागे लागला, दुसरा सत्तेचाळीसात. तीन सातांपैकी एक वेगळा पडला. डोळ्याला जे लगेच दिसतं, ते कानाला अजिबात कळत नाही. त्यात सांगणारा घाईत असेल आणि 'शून्य चार'मधलं शून्य गिळून 'पन्नास, चार' म्हणून गेला, तर पलीकडे नऊच अंक उतरतात.

पाच-पाचांनी सांगणारा म्हणेल, 'पाच, डबल झिरो, डबल चार' आणि श्वास घेऊन 'ट्रिपल सात, झिरो तीन.' इथे जुळी-तिळी शाबूत राहिली, कारण ती नेमकी पाचांच्या तुकड्यात मावली. मात्र तीच तीन सातं पाचव्या आणि सहाव्या जागेच्या सीमेवर आली असती, तर हीच पद्धत अडली असती. चांगला सांगणारा नकळत आधी क्रमांकावर नजर टाकतो आणि तुकडे कुठे पाडायचे ते जुळ्या अंकांवरून ठरवतो.

'डबल' आणि 'ट्रिपल' हे शब्द मराठीत इतके का रुजले, याचं उत्तर त्यांना मराठी पर्याय देऊन पाहिलं की मिळतं. 'दोन चार' म्हटलं, तर पलीकडे ४४ लिहायचे की २४? दोन्हींत अंक दोनच, त्यामुळे शेवटी दहा अंक मोजून पाहिले तरी चूक सापडत नाही. 'दोन शून्य' म्हटलं तर ०० की २०? तेही तसंच. 'तीन सात'चं निदान मोजणीत उघडं पडतं, कारण ७७७ ऐवजी ३७ लिहिलं तर एक अंक कमी भरतो. घोळाचं मूळ एवढंच, की मराठीत किती वेळा हे सांगणारा शब्द आणि अंकाचं नाव एकच आहे. 'डबल' हे कुठल्याच अंकाचं नाव नाही, म्हणून तो कधी अंक म्हणून लिहिला जात नाही. 'दोनदा चार', 'तीनदा सात' म्हटलं तरी हेच साधतं, आणि ज्यांना अस्सल मराठीच बोलायचं आहे त्यांनी तो 'दा' जपून, ठसठशीत उच्चारायला हवा.

चुकलं हे कळतं कसं? काही क्रमांक स्वतःच सांगतात. आधारचे बारा अंक चार-चार-चार असे छापलेले असतात आणि त्यांतला शेवटचा अंक बाकीच्या अकरांवरून काढलेला असतो. एक अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटले, म्हणजे नेमकी ६३ ची ३६ ही मराठी चूक झाली, तरी संगणक क्रमांक नाकारतो. बँकेच्या कार्डावरच्या सोळा अंकांनाही असा पहारा आहे, पण त्याला एक भोक आहे: ०९ आणि ९० यांची अदलाबदल त्याला कळत नाही. मोबाइलच्या दहा अंकांना असा पहारा अजिबात नाही. तिथे उलटलेली जोडीही बहुधा एक चालू क्रमांकच असते.

म्हणून तिथे माणसांनीच पहारा उभा केला आहे. लिहून घेणारा नंबर परत म्हणून दाखवतो, पण ज्या रीतीने ऐकला त्याच रीतीने परत म्हटला, तर उपयोग थोडाच. 'त्र्याण्णव' असं सांगणाऱ्याला पलीकडून 'त्र्याऐंशी' ऐकू आलं, तर त्याच्या कानाला आपलाच शब्द आल्यासारखं वाटतं आणि तो 'हो' म्हणून टाकतो. जाणती माणसं रीत बदलतात. जोडीने ऐकलेलं सुटं करून विचारतात, 'त्र्याऐंशी, म्हणजे आठ-तीन ना?' आणि पलीकडून उत्तर येतं, 'नाही नाही, नऊ-तीन.'